फोटो नसलेलं रोजकीर्दीचं पान

इथे वेंगुर्ल्याच्या एका किराणा दुकानाच्या रोजकीर्दीचा फोटो होता. त्यात उधारीवाल्यांची नावं होती आणि त्यांची नातवंडं आजही त्याच बाजारात वावरतात, म्हणून तो काढला. आता ते पान शब्दांत उभं करायचं आहे. नावं आणि आकडे मी बदललेत, मांडणी तीच आहे.

वर मधोमध 'श्री', त्याखाली मिती. मिती आहे तशीच उतरवा, इंग्रजी तारीख वेगळ्या टिपेत द्या. खाली पानाचे दोन भाग. डावीकडे मथळा 'जमा', म्हणजे आलेले पैसे. उजवीकडे 'नावे', म्हणजे गेलेले. प्रत्येक भागात तपशील, खाते पान आणि रक्कम असे तीन रकाने.

खरी गोम रकमेत आहे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, त्याआधी रुपयाचे सोळा आणे. आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. मग प्रत्येक आडव्या रेघेचा एक आणा. ४२॥= म्हणजे बेचाळीस रुपये दहा आणे. टाइप करताना ही रेघ पूर्णविरामाच्या दंडासारखी दिसते, हातचं लिहिलेलं असलं तर चक्क १ वाटते. म्हणून वर्णनात रक्कम अक्षरीच लिहावी.

आता जमेची बाजू बघा. मागील शिल्लक बेचाळीस रुपये दहा आणे, रोख विक्री एकतीस रुपये पाच आणे, उधारीची वसुली आठ रुपये बारा आणे. आणे झाले सत्तावीस, म्हणजे एक रुपया अकरा आणे. एकूण ब्याऐंशी रुपये अकरा आणे.

नावे बाजूला तांदूळ खरेदी पंचावन्न रुपये आठ आणे, गाडीभाडं एक रुपया आठ आणे, घरखर्च पाच रुपये. झाले बासष्ट. अखेर शिल्लक वीस रुपये अकरा आणे. एकूण पुन्हा ब्याऐंशी रुपये अकरा आणे.

पहिल्यांदा उतरवताना माझी जमेची बेरीज एका आण्याने कमी येत होती. ३१।- मधली आडवी रेघ मी शाईचा फराटा समजून सोडली होती! फोटो नसताना बेरीज अशी कामाला येते, म्हणून ती स्वतः करून बघा, पण पानावरची बदलू नका. दुकानदारच चुकला असेल, तर त्याचा आकडा ठेवून शेजारी तसं नोंदवा.

बेरजेला सगळंच कळत नाही, हेही खरं. वसुली एकाची आणि नाव लागलं दुसऱ्याचं, तरी दोन्ही बाजू जुळतात. ते पकडायला खाते पानाचा रकाना. तिथला आकडा घेऊन खतावणीत त्या पानावर जायचं आणि तीच रक्कम त्या दिवशी जमा आहे का, ते बघायचं. म्हणून नावाऐवजी 'उधारीवाला क्र. १' लिहिलंत तरी खाते पान गाळू नका, आणि तोच माणूस पुढच्या पानावर आला तर त्याला तोच क्रमांक द्या.