शेवटच्या रांगेतली अक्षरे

व्याख्यान रंगलेले असते, पडद्यावर मजकूर येतो आणि मागच्या रांगांतली मंडळी डोळे बारीक करतात. आपल्या चष्म्याचा नंबर वाढला, अशी त्यांना शंका येते. पुष्कळदा दोष पडद्यावरच्या अक्षरांचा असतो आणि तो आधीच मोजता येतो.

डच नेत्रतज्ज्ञ हर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये दृष्टी तपासण्याचा तक्ता तयार केला. नजर ‘सहा-सहा’ आहे असे डॉक्टर म्हणतात, तेव्हा ती व्यक्ती सहा मीटरवरून जेमतेम ९ मिलिमीटर उंचीचे अक्षर ओळखू शकते. अंतर वाढेल त्याच प्रमाणात ही उंची वाढवावी लागते. २० मीटरवर ती २९ मिलिमीटर होते. ही झाली कशीबशी ओळखण्याची सीमा. सभागृहात मोतीबिंदूची सुरुवात झालेले श्रोतेही असतात. त्यांच्यासाठी दुप्पट, म्हणजे ६ सेंटिमीटर धरावेत.

समजा, पडदा ३ मीटर रुंद आहे. संगणकावरची नेहमीची रुंद स्लाइड ३४ सेंटिमीटरची असते, म्हणजे पडद्यावर ती जवळपास नऊपट होते. तेव्हा स्लाइडवर अक्षर पावणेसात मिलिमीटरचे, म्हणजे १९ पॉइंट उंच हवे. मग फॉन्टचा आकार १९ ठेवायचा का? इथेच फसगत होते. त्या आकड्यात वरच्या मात्रा-वेलांट्या आणि खालचे उकार यांचीही जागा धरलेली असते. शिरोरेषेपासून पायापर्यंतचे अक्षर त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच भरते. त्यामुळे आकार ३२ ठेवावा लागतो. ‘द्ध’, ‘ष्ट्र’ अशी जोडाक्षरे खूप असतील तर ३६ बरा.

फॉन्टच्या जोडीचे म्हणाल तर शीर्षकाला एक आणि मजकुराला दुसरा नक्षीदार फॉन्ट, ही हौस पत्रिकेपुरती ठेवावी. दिवे चालू असलेल्या सभागृहात पडद्यावरचा काळा रंग करडा पडतो आणि बारीक रेषा सर्वांत आधी विरतात. मग ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसू लागतात, अनुस्वार तर गायबच होतो. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ घ्या. त्यात देवनागरी आणि रोमन अक्षरे एकमेकांना जुळतील अशी आखलेली आहेत, त्यामुळे इंग्रजी नाव मध्येच आले तरी ते लहानमोठे वाटत नाही. मजकुराला त्याचे मध्यम वजन आणि शीर्षकाला ठळक, एवढी जोडी पुरते. शीर्षकासाठी त्याच संस्थेचा गुबगुबीत ‘बालू’ही चालेल, पण दोन-चार शब्दांपुरताच, लांब ओळीत तो दाटतो.

सभागृहात जाण्याआधी घरीच चाचणी करता येते. लॅपटॉपचा पडदा साधारण ३० सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे त्या पडद्याच्या एक दशांश. स्लाइड पूर्ण पडद्यावर लावा आणि २० मीटरच्या एक दशांश, म्हणजे २ मीटर मागे उभे राहा. ज्याने तो मजकूर लिहिलेला नाही, अशा घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला वाचायला सांगा. लिहिणाऱ्याला तो पाठ असतो, त्यामुळे न दिसलेले अक्षरही त्याला दिसते.