बाळंतिणीचा आतला व्यायाम

नैसर्गिक बाळंतपणात मूत्राशय आणि गर्भाशय खालून तोलणारे स्नायू ताणले जातात. म्हणून नंतर खोकताना, शिंकताना लघवीचे थेंब गळतात. लघवी नीट होऊ लागली की व्यायाम सुरू करता येतो.

गुडघे दुमडून उताणं झोपा. वायू रोखल्यासारखं गुदद्वार आवळा आणि योनीही आत, वर ओढा. श्वास चालू ठेवा. नितंब आवळले किंवा खाली जोर गेला, तर चुकतंय. 3 सेकंद आवळा, मग पूर्ण सैल सोडा. असं 5 वेळा, दिवसातून तीनदा. दुखलं तर थांबा. आठवड्यागणिक वाढवत 10 सेकंद, 10 वेळांपर्यंत न्या. पुढे बसून, उभ्यानं करा आणि शिंक येण्याआधी आवळा. 3 महिन्यांनीही गळती राहिली, तर डॉक्टरांना दाखवा.