विग्रह करा, समास सापडेल

'पोळीसाठी पाट' असे कोणी म्हणत नाही, 'पोळपाट' म्हणतात. दोन किंवा अधिक शब्द जवळ आले, त्यांचा संबंध दाखवणारे प्रत्यय किंवा शब्द गळाले आणि एक जोडशब्द तयार झाला, की त्या एकत्रीकरणाला समास म्हणतात. गळालेले शब्द पुन्हा भरून अर्थ उलगडून दाखवणे म्हणजे विग्रह. स्पर्धा परीक्षेतला समासाचा प्रश्न वरवर नावांबद्दल दिसतो, पण त्याचे उत्तर विग्रहात असते. पुस्तकातली यादी पाठ करणारा उमेदवार यादीबाहेरचा शब्द आला की अडतो, तर विग्रह करणाऱ्याला अनोळखी शब्दही सोडवता येतो.

समासाचे चार मुख्य प्रकार एका प्रश्नावर ठरतात: दोन पदांपैकी महत्त्वाचे कोणते? पहिले पद महत्त्वाचे असेल आणि पूर्ण शब्द क्रियाविशेषणासारखा वापरला जात असेल, तर अव्ययीभाव. दुसरे महत्त्वाचे असेल तर तत्पुरुष, दोन्ही सारखीच महत्त्वाची असतील तर द्वंद्व, आणि दोन्ही पदांऐवजी तिसऱ्याच कोणाचा बोध होत असेल तर बहुव्रीही. पद महत्त्वाचे आहे की नाही हे नुसत्या शब्दाकडे पाहून कळत नाही, त्यासाठी तो वाक्यात घालावा. 'राजवाडा पडला' यात पडला तो वाडा, राजा नव्हे. म्हणून हा तत्पुरुष. 'आईबाप आले' यात दोघेही आले, म्हणून हा द्वंद्व. 'तो दारोदार फिरला' यात 'दारोदार' म्हणजे प्रत्येक दारी, आणि हा शब्द फिरण्याची रीत सांगतो. त्यात 'दार' दोनदा ऐकू येते म्हणून पुष्कळजण त्याला द्वंद्व ठरवतात. पण इथे दोन वेगळ्या वस्तू नाहीत, त्यामुळे तो अव्ययीभावच.

तत्पुरुषाचा पसारा सर्वांत मोठा आहे. विग्रहात पहिल्या पदाला कोणत्या विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागते, त्यावरून विभक्ती तत्पुरुषाचे पोटप्रकार पडतात. तोंडाने पाठ ते तोंडपाठ, म्हणून तृतीया. क्रीडेसाठी अंगण ते क्रीडांगण, म्हणून चतुर्थी. ऋणातून मुक्त तो ऋणमुक्त, म्हणून पंचमी. घरी राहणारा जावई तो घरजावई, म्हणून सप्तमी. पहिले पद दुसऱ्याचे विशेषण असेल, जसे रक्तचंदन म्हणजे तांबडे चंदन, तर तो कर्मधारय. पहिले पद संख्या असून समूहाचा बोध होत असेल, जसे नवरात्र म्हणजे नऊ रात्रींचा समूह, तर तो द्विगू. पहिले पद नकार दाखवत असेल, जसे अन्याय, तर तो नञ् तत्पुरुष. पुरणपोळीचा विग्रह 'पुरण भरून केलेली पोळी' असा होतो. मधले 'भरून केलेली' हे शब्द गळाले, म्हणून हा मध्यमपदलोपी.

द्वंद्वात गोंधळ होतो तो पोटप्रकारांचा. विग्रह 'आणि'ने झाला तर इतरेतर: भाऊबहीण. विग्रह 'किंवा'ने झाला तर वैकल्पिक: खरेखोटे, पासनापास, तीनचार. 'तीनचार माणसे' म्हणताना कोणी सात माणसे मोजत नाही. तिसरा समाहार द्वंद्व. 'चहापाणी झाले का?' असे विचारताना चहा आणि पाणी एवढेच मनात नसते, सोबतचे खाणेही त्यात धरलेले असते. विग्रहाच्या शेवटी 'वगैरे' जोडावेसे वाटले की समाहार समजावा: मीठभाकर, भाजीपाला, केरकचरा.

खरी कसोटी बहुव्रीहीची. इथे विग्रह 'ज्याला', 'ज्याचे', 'ज्याच्या हातात' अशा संबंधी सर्वनामाशिवाय पुरा होत नाही आणि शेवटी 'तो' किंवा 'ती' यावे लागते. लंबोदर म्हणजे लंब आहे उदर ज्याचे तो. चक्रपाणी म्हणजे चक्र आहे पाणीत, म्हणजे हातात, ज्याच्या तो. बहुव्रीही हे नावही याच समासाचे उदाहरण आहे: बहु म्हणजे पुष्कळ, व्रीही म्हणजे भात, आणि पुष्कळ भात आहे ज्याच्याजवळ तो बहुव्रीही.

लिंगाचा पुरावाही इथे उपयोगी पडतो, पण त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. तत्पुरुषात सामासिक शब्दाचे लिंग सहसा दुसऱ्या पदाप्रमाणे राहते: घर नपुंसकलिंगी, म्हणून देवघरही नपुंसकलिंगी. बहुव्रीहीत मात्र लिंग ज्याच्याबद्दल बोलायचे त्याच्याप्रमाणे जाते. 'आनन' म्हणजे मुख, हा शब्द नपुंसकलिंगी. पण 'दशानन आला' असेच म्हणतात, 'आले' म्हणत नाहीत, कारण आला तो रावण. आरंभी संख्या दिसली म्हणून दशाननाला द्विगू म्हणण्याची चूक या एका तपासणीने टळते.

आता परीक्षेत येतो तसा एक प्रश्न सोडवून पाहता येईल. बहुव्रीहीचे उदाहरण कोणते? पर्याय आहेत पंचवटी, अनादर, पंकज आणि अनाथ.

पंचवटी हे नाशिकमधल्या ठिकाणाचे नाव असल्याने तिसऱ्याच वस्तूचा बोध होतो असा युक्तिवाद सुचेल. पण शालेय व्याकरणात तिचा विग्रह 'पाच वडांचा समूह' असा होतो आणि ती द्विगूत मोडते. अनादर म्हणजे आदर नसणे. 'त्याचा अनादर झाला' या वाक्यात भर 'आदर' या दुसऱ्या पदावर आहे, नकार त्यालाच लागला आहे, म्हणून हा नञ् तत्पुरुष. पंकज सर्वांत फसवा. पंकात म्हणजे चिखलात जन्मणारे ते, आणि बोध कमळाचा, त्यामुळे हात लगेच त्या पर्यायाकडे जातो. पण दुसरे पद 'ज' हे जन्मणे या अर्थाच्या धातूपासून आलेले असून एकटे वापरता येत नाही. जिथे दुसरे पद असे धातूवरून आलेले आणि स्वतंत्रपणे न वापरले जाणारे असते, तिथे उपपद तत्पुरुष होतो, जसा ग्रंथकार किंवा लाकूडतोड्या. राहिला अनाथ. नाही नाथ ज्याला तो. 'अनाथ मुलगी' म्हणताना शब्द मुलीचे वर्णन करतो, नाथ आहे की कसा याचे नव्हे. उत्तर अनाथ, प्रकार नञ् बहुव्रीही. अनादर आणि अनाथ दोन्ही 'अन' या एकाच ध्वनीने सुरू होतात. पहिला विग्रह 'नसणे' एवढ्यावर थांबतो, दुसऱ्याला 'ज्याला' लागतो.

काही शब्दांना दोन्ही बाजू असतात. पीतांबर म्हणजे पिवळे वस्त्र घेतले तर कर्मधारय, पिवळे वस्त्र नेसलेला विष्णू घेतला तर बहुव्रीही. कमलनयनाचेही तसेच. अशा वेळी प्रश्नात विग्रह किंवा वाक्य दिले आहे का ते आधी पाहावे, कारण दिलेला अर्थच उत्तर ठरवतो. काहीच दिले नसेल आणि पर्यायांत एकच लागू पडणारे नाव असेल, तर तेच घ्यावे. दुसरी अडचण पर्यायांच्या मांडणीची असते. कर्मधारय आणि द्विगू हे तत्पुरुषाचेच पोटप्रकार असल्याने 'रक्तचंदन'साठी तत्पुरुष आणि कर्मधारय हे दोन्ही पर्याय समोर आले, तर दोन्ही खरे असतात, पण अपेक्षित उत्तर अधिक नेमके नाव, म्हणजे कर्मधारय. कर्मधारय पर्यायांत नसेल, तर तत्पुरुष निवडावा.