घरातला मिठाचा पुडा किती दिवस पुरतो? आरोग्य शिबिरात डॉक्टर हे का विचारतात

छत्रपती संभाजीनगरात सिडको-हडकोच्या समाजमंदिरांपासून वाळूजच्या कामगार वस्त्यांपर्यंत अधूनमधून आरोग्य शिबिरं भरतात. दंडाला पट्टा बांधला जातो, कागदावर दोन आकडे लिहिले जातात आणि मग डॉक्टर बोलायला उभे राहतात. मीठ कमी करा, बीपी तपासा, छातीत दुखलं तर अंगावर काढू नका, हे तिन्ही सल्ले लोकांनी आधी ऐकलेले असतात. पण कमी म्हणजे किती, तपासायचं कसं आणि दुखणं नेमकं कोणतं, हे कळलं तरच त्यांचा उपयोग होतो.

पुड्याचा हिशोब

जागतिक आरोग्य संघटनेनुसार मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा, तोही दिवसभराचा सगळा मिळून. पण घरात कोणी मीठ मोजून टाकत नाही. म्हणून डॉक्टर सोपा प्रश्न विचारतात, 'एक किलोचा पुडा किती दिवस जातो?'

समजा, घरात चार मोठी माणसं आहेत आणि पुडा महिन्यात संपतो. 1000 ग्रॅमला आधी 30 दिवसांनी आणि मग चार माणसांनी भागलं की माणशी रोजचं 8 ग्रॅमपेक्षा थोडं जास्त येतं. 5 ग्रॅमच्या हिशोबाने हाच पुडा 50 दिवस जायला हवा. थोडं मीठ सांडतं, वाया जातं, त्यामुळे हा आकडा अंदाजाचाच. पण बाहेरून आणलेलं फरसाण, वेफर्स, पाव, पापड आणि लोणचं यांतलं मीठ या पुड्यात मोजलेलंच नाही.

रक्तात सोडियम वाढलं की शरीर पाणी धरून ठेवतं. त्याच नळ्यांतून जास्त द्रव वाहू लागतो आणि दाब वाढतो. रक्तदाब असलेल्या माणसाने मीठ चार-पाच ग्रॅमने कमी केलं, तर वरचा आकडा सरासरी पाचच्या आसपास उतरतो. गोळीची जागा मीठतोड घेत नाही, पण गोळीचं काम सोपं करते.

सुरुवात ताटापासून करता येते. मिठाची वाटी जेवताना समोर ठेवायची नाही. भाकरीच्या पिठात आणि ताकात मीठ घालणं थांबवायचं. ठेचा, लोणचं आणि पापड एकाच जेवणात घ्यायचे नाहीत. पहिले काही दिवस भाजी अळणी लागते, पण काही आठवड्यांत जिभेला सवय होते. तोवर लिंबू, कोथिंबीर, लसूण आणि शेंगदाण्याचं कूट कामाला येतं.

'आम्ही सैंधव खातो' हे उत्तर हमखास येतं. पण सैंधवातही मुख्यतः तेच सोडियम असतं. 'लो सोडियम' मिठात त्याऐवजी काही भाग पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते धोक्याचं ठरू शकतं, म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

शिबिरातला आकडा खरा की खोटा?

समजा, वाळूजच्या एका कंपनीत काम करणारे 52 वर्षांचे गृहस्थ शिबिरात आले. आधी चहा झाला, तंबाखूची चिमूट झाली, मग जिना चढून ते थेट खुर्चीत बसले. शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा बांधला, हात खाली लोंबकळत होता आणि शेजाऱ्याशी गप्पा सुरू होत्या. आकडा आला 156/96.

यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आकडा वाढवते. हात हृदयाच्या पातळीखाली असला, माणूस बोलत असला, लघवी तुंबलेली असली किंवा जाड दंडाला लहान पट्टा बांधला, तरी दाब असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणून मोजण्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको. पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, दंड उघडा आणि हात टेबलावर हवा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं.

याच गृहस्थांनी घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ असं मोजलं. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी आली 142/88. दवाखान्यात 140/90 आणि घरी 135/85 ही मर्यादा धरली जाते. म्हणजे शिबिरातला आकडा फुगलेला होता, पण आजार खरा होता. एका आकड्यावर घाबरायचं नाही आणि त्याला हसण्यावारीही न्यायचं नाही, ते यासाठीच. मात्र 180/110 किंवा त्याहून जास्त आलं तर आठवडाभर थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. सोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूला अशक्तपणा किंवा बोबडी वळणं असेल तर थेट रुग्णालय गाठावं.

पुढचा पेच गोळीचा. महिनाभराने आकडा 126/80 येतो आणि माणूस 'बरं झालं' म्हणून गोळी सोडतो. तो आकडा गोळीमुळेच आलेला असतो. 2017 मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. निदानाइतकाच भर तिथे गोळ्या नियमित मिळण्यावर आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा करण्यावर होता.

'पित्त झालंय' म्हणण्याआधी

आता तेच गृहस्थ देवगिरी किल्ल्याच्या पायऱ्या चढताहेत असं समजा. अर्ध्या वाटेत छातीवर दगड ठेवल्यासारखं जड वाटतं. ते थांबतात आणि पाच मिनिटांत बरं वाटतं. पित्त समजून ते गोळी घेतात. पुढच्या आठवड्यात कंपनीचा जिना चढताना पुन्हा तेच होतं.

श्रमाने येणारा आणि थांबलं की जाणारा हा त्रास हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची खूण असू शकतो. बसल्या जागी हृदयाला पुरेसं रक्त मिळतं, चढताना ते कमी पडतं. ही वेळ तपासणीची आहे. तेव्हा ईसीजी चांगला आला तरी निर्धास्त होता येत नाही, कारण आरामात काढलेल्या ईसीजीत हा दोष अनेकदा दिसत नाही. डॉक्टर पुढच्या तपासण्या सांगतात, त्या टाळू नयेत.

तोच त्रास आधीपेक्षा कमी श्रमात किंवा बसल्या जागी होऊ लागला, थांबूनही जाईना, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरला, सोबत गार घाम, मळमळ किंवा धाप आली, तर तो झटका समजूनच वागायचं. मधुमेही, वयस्कर माणसं आणि स्त्रियांमध्ये छातीत न दुखता फक्त धाप, घाम किंवा एकाएकी आलेला थकवा दिसू शकतो.

अशा वेळी सोडा किंवा ओव्याचं पाणी देऊन वाट पाहू नये. रुग्णाला चालवू नये, त्याने स्वतः गाडी चालवू नये. 108 ला फोन करावा. ॲस्पिरिन द्यायची की नाही, हे फोनवर किंवा डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. शहरात घाटी रुग्णालयासारख्या, चोवीस तास ईसीजी आणि हृदयाच्या उपचारांची सोय असलेल्या ठिकाणी जावं. रक्तवाहिनी बंद राहील तितका वेळ हृदयाचा स्नायू मरत जातो आणि मेलेला स्नायू परत येत नाही.

शिबिरातला कागद घरी आला की पहिल्यांदा तारीख टाकून तो जपून ठेवावा. नवा मिठाचा पुडा फोडला की त्यावरही तारीख लिहावी. पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवायला या दोन तारखा हाताशी राहतात.