ओटीपी एकदा, खर्च अनेकदा

बंगळुरूतल्या के. आर. पुरमच्या मराठी घरांत मुलांच्या मोबाइल गेमचा विषय निघाला की पालक हमखास म्हणतात, “ओटीपी माझ्याच फोनवर येतो, मग मला न कळता पैसे कसे जातील?” हे अर्धंच खरं आहे. कार्डाने गूगल प्लेच्या खात्यात १,००० रुपये भरताना ओटीपी येतो. पुढे त्या शिलकीतून केलेल्या खरेदीला बँक काहीच विचारत नाही. कार्डाच्या स्टेटमेंटवर हजाराची एकच ओळ राहते, आणि कोणत्या गेममध्ये काय घेतलं ते त्यावरून कळत नाही.

खरा हिशोब प्ले स्टोअरमध्ये सापडतो. मुलाच्या फोनवर ज्या गूगल खात्यातून खरेदी होते, त्याच खात्याने प्ले स्टोअर उघडा, प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करा आणि `Payments & subscriptions` मधून `Budget & history` मध्ये जा. तिथे प्रत्येक खरेदी तारखेसह दिसते. महिनाअखेरीस प्रत्येक गेमची वेगळी बेरीज मांडा. तिथे ठरवलेलं बजेट फक्त इशारा देतं, खरेदी अडवत नाही. खात्यात नवे पैसे भरणं अडवायचं असेल तर बँकेच्या अ‍ॅपमधून कार्डाची ऑनलाइन मर्यादा खाली आणा. ही सोय देणं रिझर्व्ह बँकेने २०२० पासून बंधनकारक केलं आहे.

“छोटाच पॅक घेतला” हा दुसरा गैरसमज. समजा, हव्या असलेल्या पोशाखाला ४०० नाणी लागतात. पॅक दोनच आहेत: ६० नाणी ७५ रुपयांना, ३२५ नाणी ३८० रुपयांना. मोठा एक आणि छोटा एक घेतला तर ३८५ होतात, म्हणजे १५ कमी. म्हणून आणखी एक छोटा घ्यावा लागतो. एकूण ५३० रुपये जातात आणि ४५ नाणी उरतात. एवढ्यात काही येत नाही, पण ती वाया जाऊ नयेत म्हणून मुलगा पुढचा पॅक मागतो. पॅकची मापं आणि वस्तूंच्या किमती जुळत नाहीत, यातच विक्रेत्याचा फायदा आहे. म्हणून किंमत नाण्यांत न विचारता रुपयांत विचारा.

लूट बॉक्सबद्दलचा समज सर्वांत महाग पडतो. “हवी ती वस्तू निघण्याची एक टक्का शक्यता आहे, म्हणजे शंभर वेळा उघडला की मिळणारच.” प्रत्येक वेळी शक्यता नव्याने एक टक्काच असते. शंभर प्रयत्नांनंतरही शंभरातल्या सुमारे ३७ जणांच्या हाती ती वस्तू लागत नाही. नव्वद टक्के खात्री हवी असेल तर जवळपास २३० बॉक्स उघडावे लागतात. ठरावीक प्रयत्नांनंतर वस्तू नक्की देण्याचं गेमनेच लिहून दिलं असेल, तरच हे गणित बदलतं. शक्यतेचा आकडा खरेदीआधी दाखवणं गूगल प्लेच्या नियमांनुसार बंधनकारक आहे; तो बहुधा बॉक्सजवळच्या माहितीच्या छोट्या खुणेमागे असतो.

कायदा हे सगळं अडवेल, असं धरून चालू नका. कर्नाटकच्या २०२१ च्या ऑनलाइन जुगारबंदीतल्या मुख्य तरतुदी उच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०२२ रोजी रद्द केल्या. २०२५ चा केंद्रीय कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, लूट बॉक्सचं नावही त्यात नाही. मुलाने चुकून खरेदी केली असेल, तर ४८ तासांच्या आत प्ले स्टोअरकडे परतावा मागा.