ओटा, टाइल्स आणि भिंतीआडचा खर्च

स्वयंपाकघर नव्याने करायचे म्हटले की ठेकेदार बहुधा एकच ठोक आकडा सांगतो. तो आकडा घासाघीस करून कमी करण्याआधी मोजपट्टी घेऊन आपला हिशेब आपण करावा, असे मला मनापासून वाटते. पंचवीसेक वर्षे जुन्या इमारतीतला, तिसऱ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला फ्लॅट डोळ्यांसमोर ठेवू. ओटा एल आकाराचा, एक बाजू 10 फूट, दुसरी 6 फूट आणि खोली 2 फूट. कोपरा दोनदा मोजायचा नाही, म्हणून लांबी 10 अधिक 4, म्हणजे 14 फूट धरायची. ओट्याचे क्षेत्रफळ 28 चौरस फूट.

ओट्यामागच्या टाइल्सचे गणित सोपे आहे. भिंतीची लांबी 16 फूट, उंची 4 फूट, म्हणजे 64 चौरस फूट. त्यातून 3 बाय 2 ची खिडकी वजा केली की 58 उरतात. कोपरे, खिडकीच्या कडा, सॉकेटची भोके यांत तुकडे वाया जातात, म्हणून दहा टक्के वाढवायचे, की 64 च्या आसपास येते. 300 बाय 600 मिलिमीटरच्या पाच टाइल्सचे खोके साधारण 9.7 चौरस फुटांचे असते. सहा खोकी पुरत नाहीत, सात घ्यावी लागतात. उरलेल्या टाइल्स परत करू नका. पुढे नळाची गळती काढताना दोन टाइल्स फुटल्या, तर त्याच छटेचा माल दुकानात मिळेलच असे नाही.

ग्रॅनाइटला मात्र हे दहा टक्के लागू पडत नाहीत. ग्रॅनाइट अख्ख्या लादीच्या मापाने विकत घ्यावा लागतो. समजा दुकानातल्या लाद्या 9 बाय अडीच फुटांच्या आहेत. 14 फुटांसाठी दोन लागतील, म्हणजे पैसे 45 चौरस फुटांचे आणि वापर 28 चा. 17 चौरस फूट उरले: एक चार फुटांचा तुकडा आणि अर्ध्या फुटाच्या पट्ट्या. सिंकसाठी कापलेल्या भागाचेही पैसे आपणच दिलेले असतात. म्हणून रंग ठरवण्याआधी लाद्यांची मापे विचारा आणि कागदावर कापणी आखून पाहा. उरलेला तुकडा खिडकीच्या तळाला बसवता येईल, पण ते कारागिराला कापण्यापूर्वी सांगायला हवे. जोड कुठे येणार, हेही तेव्हाच ठरते.

मजुरीत सर्वांत जास्त विसरला जातो तो राडारोडा. जुन्या टाइल्स आणि त्यामागचा मसाला मिळून दोन इंच जाडी धरली, तर 58 चौरस फुटांतून जवळपास 10 घनफूट माल निघतो. फोडल्यावर तो फुगून दीडपट होतो. त्यात जुना ओटा आणि त्याखालचे कडप्पे मिळवा. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत उचलता येईल इतके, म्हणजे सुमारे एक घनफूट भरतात. पंचवीस-तीस गोण्या तीन मजले खाली उतरवायच्या आणि टेम्पोने न्यायच्या. ‘तोडफोड’ या ओळीत हे धरले आहे का, ते दरपत्रकात लिहून घ्या.

आता राखीव रक्कम. ही आणि वाया जाणारा माल एक नव्हे. वाया किती जाणार ते मोजता येते, भिंतीआड काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. गंजलेली लोखंडी पाइपलाइन, ठोकल्यावर पोकळ वाजणारा गिलावा, अर्थिंग नसलेली जुनी वायर हे तिथेच सापडते. तरीही बहुतेक लोक एकूण खर्चावर सरसकट दहा टक्के धरतात. मला ते चुकीचे वाटते.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. तोडफोड, प्लंबिंग, वायरिंग, गिलावा आणि टाइल्स बसवणे मिळून 67,000 रुपये. ग्रॅनाइट, टाइल्स, ट्रॉल्या, सिंक, चिमणी मिळून 1,88,000. एकूण 2,55,000, त्याचे दहा टक्के 25,500. आता साध्या ट्रॉल्या निवडून 60,000 वाचवले, तर राखीव रक्कमही 6,000 ने घटते. पाइप मात्र तितकाच गंजलेला राहतो.

त्यापेक्षा दोन भाग करावेत. ज्या वस्तूंचा भाव आधीच लिहून मिळतो, त्यांवर पाच टक्के, म्हणजे 9,400. भिंतीआडच्या कामांवर, इमारत जुनी असल्याने, पंचवीस टक्के, म्हणजे 16,750. मिळून 26,150. एकूण फरक थोडाच दिसतो, पण आता ट्रॉल्या कोणत्याही घेतल्या तरी प्लंबरसाठीचे पैसे हलत नाहीत. इमारत नवी असेल, तर दुसरा टक्का निम्मा केला तरी चालतो.

ही रक्कम ठेकेदाराच्या करारात घालू नका, आपल्याकडेच ठेवा. जादा काम निघाले की आधी दाखवायचे, माप आणि दर लिहायचे, सही झाल्यावर हात लावायचा, एवढी अट करारात असू द्या. आणि ट्रॉल्यांची ऑर्डर तोडफोड संपून नळ आणि वायरी तपासून झाल्यावरच द्या, कारण गिलावा नव्याने करावा लागला तर भिंतीची मापे अर्ध्या-पाऊण इंचाने बदलतात.