घसा खाकरण्याची सवय आणि पाण्याचा घोट

फोन उचलला की आधी खाकरायचं आणि मग ‘हॅलो’ म्हणायचं. सभेत बोलायला उभं राहिलं की खाकरायचं. देवघरात उदबत्ती लावली की ढास लागते, आणि जेवणानंतर तासभर घशात काहीतरी चिकटल्यासारखं वाटत राहतं. ताप नाही, दम लागत नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ येतो. खोकल्याच्या बाटल्या संपतात, पण घसा काही मोकळा होत नाही. अशी माणसं घरोघरी असतात. त्यांचा घसा खरोखरच त्रास देत असतो, पण तो त्रास आता कफामुळे होत नसतो. तो बहुतेक वेळा खाकरण्यातूनच तयार होत असतो.

हे कसं घडतं, ते समजून घ्यायला हवं. स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. बोलताना ते सेकंदाला शंभर-दोनशे वेळा एकमेकांना हलकेच स्पर्श करतात. ही ये-जा सुरळीत व्हावी म्हणून त्यांच्यावर पातळ, ओलसर चिकाचा थर असतो. खाकरताना मात्र तंतू घट्ट मिटतात, खालून हवेचा दाब वाढतो आणि ते एकमेकांवर आपटत-घासत उघडतात. एकदोनदा असं झालं तर काही बिघडत नाही. दिवसभर सतत झालं तर तिथला नाजूक पडदा लालसर होतो, किंचित सुजतो, आणि स्वतःचं रक्षण करण्यासाठी आणखी चिकट स्राव सोडतो. सुजेमुळे ‘काहीतरी अडकलंय’ असं वाटतं आणि स्राव जाड झाल्याने ते खरंच आहे अशी खात्री पटते. मग माणूस पुन्हा खाकरतो. डास चावलेल्या जागी खाजवत राहिलं की खाज वाढतच जाते, तसाच हा प्रकार.

यात आणखी एक गोष्ट असते, ती मज्जातंतूंची. स्वरयंत्राची संवेदना ‘व्हेगस’ नावाच्या मज्जातंतूच्या शाखा मेंदूपर्यंत नेतात. याच मज्जातंतूची एक छोटी शाखा कानाच्या नळीत जाते. म्हणून काही जणांना कानात काडी घातली की खोकला येतो. सर्दी-पडशानंतर किंवा बराच काळ आम्लपित्त घशापर्यंत येत राहिल्यावर या शाखा हळव्या होतात. मग एरवी ज्याने काहीच झालं नसतं, त्यानेही खोकल्याची उबळ येते: थंड हवा, अत्तराचा वास, जोरात हसणं, सलग दहा मिनिटं बोलणं. मिरचीच्या फोडणीचा खाट उठल्यावर सगळ्या घरालाच ठसका लागतो. पण नुसत्या बोलण्याने ठसका लागत असेल, तर घशात कफ साठलाय असं नाही, घसा हळवा झालाय.

याचा अर्थ प्रत्येक जुना खोकला सवयीचा असतो असा मुळीच नाही, आणि आपल्याकडे तर तसं धरून चालणं धोक्याचं आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी आधी करायची. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. दमा, नाकाच्या मागून घशात उतरणारा स्राव, आम्लपित्त आणि धूम्रपान ही कारणंही तपासून घ्यावी लागतात. रक्तदाबाच्या गोळ्यांकडेही बघायला हवं. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल यांसारख्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा, हट्टी खोकला येतो. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली की तो बहुधा काही आठवड्यांत थांबतो. गोळी आपली आपण मात्र बंद करायची नाही. थुंकीत रक्त, वजन घटणं, रात्रीचा घाम, गिळताना अडथळा, मानेत गाठ, किंवा तीन आठवड्यांहून अधिक बसलेला आवाज, यांपैकी काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावं. तंबाखू खाणाऱ्यांनी तर लवकरच जावं.

या सगळ्या तपासण्यांत काही निघालं नाही, तर पुढचा भाग कामाचा. चौथीच्या वर्गाला शिकवणाऱ्या एका बाईंचं उदाहरण घेऊ. पावसाळ्यात त्यांना सर्दी-खोकला झाला. दोन आठवड्यांत खोकला गेला, पण खाकरणं राहिलं. तीन महिने झाले. दरम्यान अँटिबायोटिक झालं, खोकल्याचं औषध झालं, आणि सर्दीच्या गोळ्यांनी घसा आणखी कोरडा पडला. दुर्बिणीतून पाहिल्यावर डॉक्टरांना स्वरतंतूंच्या मागच्या बाजूला थोडी लाली दिसली, बाकी काहीच नाही. बाईंना वाटत होतं की आपण तासाला चार-पाच वेळा खाकरतो. घरी त्यांच्या मुलीने गुपचूप मोजलं, तर अर्ध्या तासात एकोणीस वेळा.

सुरुवात या मोजण्यापासूनच करायची, कारण खाकरणं बहुतेक वेळा नकळत होतं आणि नकळत होणारी गोष्ट थांबवता येत नाही. फोनवर बोलतानाचा आपलाच आवाज दहा मिनिटं रेकॉर्ड करून ऐकला तरी पुरतं. मग खाकरण्याच्या क्षणाच्या थोडं आधी काय होतं, याकडे लक्ष द्यायचं. बाईंच्या ध्यानात आलं की हजेरी घ्यायला पट उघडला की, आणि फळा पुसून वर्गाकडे वळलं की हमखास घशात खवखव उठते. कफ असो वा नसो, त्या दोन जागी हात आपोआप तोंडाकडे जायचा.

ती खवखव उठली की लगेच तोंड मिटायचं आणि साध्या पाण्याचा एक लहान घोट घ्यायचा. घोट लहान म्हणजे चमचाभर, घटाघटा पिणं नव्हे. तो क्षणभर तोंडात धरायचा, हनुवटी जराशी छातीकडे झुकवायची आणि जोर लावून गिळायचा. यामागे घशाच्या रचनेतलं साधं कारण आहे. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, त्यावरचं झाकण मिटतं, स्वरतंतू आवाज न करता एकत्र येतात आणि श्वास क्षणभर थांबतो. ही सगळी हालचाल खोकल्याच्या नेमकी उलट असल्याने एकाच क्षणी गिळणं आणि खोकणं शक्य नसतं. शिवाय घशात जो काही चिकटपणा असेल तो खरवडून न काढता गिळण्याबरोबर खाली वाहून जातो. पोटात गेलेल्या त्या स्रावाने काहीही अपाय होत नाही. ‘कफ गिळू नये, थुंकून टाकावा’ ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे, की इथेच बऱ्याच जणांचं घोडं अडतं.

पाणी जवळ नसेल तेव्हा नुसता आवंढा गिळायचा. जीभ टाळूवर फिरवून थोडी लाळ गोळा करायची आणि आवाज न करता, पण ठाम गिळायची. मात्र एका वेळी दोनदाच. तिसऱ्या-चौथ्या आवंढ्याला लाळ उरत नाही, कोरडा घसा आवळून येतो आणि ‘काहीतरी अडकलंय’ ही जाणीव उलट वाढते. ही पद्धत करून पाहून सोडून देणारे बरेच जण इथेच फसलेले असतात. दोन आवंढ्यांनंतर नाकाने सावकाश श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून हळूच सोडायचा आणि उबळ ओसरायची वाट पाहायची. खरोखरच काही वर आलेलं असेल, तर घशातून आवाज न काढता नुसत्या हवेने, आरशावर वाफ धरतो तसा ‘हाः’ करून ते हलवायचं आणि लगेच गिळायचं. तंतू यात आपटत नाहीत.

बाईंनी सुरुवातीला दिवसभराचा प्रयत्न केलाच नाही, आणि ते योग्य होतं. टेबलावर पाण्याची बाटली ठेवून फक्त हजेरीची दहा मिनिटं त्यांनी सांभाळली. पहिल्या आठवड्यात खवखव वाढल्यासारखी वाटली. असं होतंच, कारण आजवर जी उबळ लगेच खाकरून मोडायची ती आता पूर्ण जाणवू लागते. या आठवड्यात ‘मला खरंच कफ झालाय’ असं वाटून माणसं पुन्हा औषधाकडे वळतात. दुसऱ्या आठवड्यात बाईंनी पहिला तास धरला, नंतर फोन, नंतर संध्याकाळ. सहाव्या आठवड्याच्या शेवटी मुलीने पुन्हा मोजलं, तेव्हा अर्ध्या तासात तीन वेळा खाकरणं झालं. त्यातलं एक स्वयंपाकघरातल्या फोडणीमुळे.

सोबत त्यांनी दोन बदल केले. सतत चघळायच्या पेपरमिंटच्या गोळ्या बंद केल्या, कारण त्यांनी क्षणभर गार वाटतं आणि नंतर घसा कोरडा पडतो. त्याऐवजी लाळ सुटावी म्हणून खडीसाखरेचा लहान खडा चालतो, मधुमेह नसेल तर. दुसरं म्हणजे रात्रीचं जेवण आणि झोपणं यांत तीन तासांचं अंतर ठेवलं. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी सर्दीत आराम पडतो, पण खाकरण्याची सवय त्या मोडत नाहीत. तासन्‌तास मोठ्याने गुळगुळ केल्याने घसा दमतो, एवढंच.

या उपायामागे तपासून पाहिलेला आधार आहे. 2006 साली ऑस्ट्रेलियात, औषधांनी न थांबलेल्या जुन्या खोकल्याच्या 87 रुग्णांवर एक अभ्यास झाला. निम्म्यांना वाचा-उपचारतज्ज्ञांनी खोकला दाबण्याच्या अशाच युक्त्या, घशाची निगा आणि त्यामागचं शास्त्र शिकवलं. बाकीच्यांना आरोग्याची सर्वसाधारण माहिती दिली. पहिल्या गटातल्या 88 टक्के लोकांना गुण आला, दुसऱ्यातल्या 14 टक्क्यांना. आपल्याकडे स्पीच थेरपिस्ट म्हटलं की तोतरेपणा किंवा उशिरा बोलणारी मुलं एवढंच आठवतं. हट्टी खोकल्यासाठी त्यांच्याकडे जाता येतं हे फार थोड्यांना माहीत असतं. घरी महिनाभर करूनही फरक पडला नाही, तर ईएनटी डॉक्टरांकडून त्यांच्यासाठी चिठ्ठी मागून घ्यावी. तीन-चार भेटींत तंत्र पक्कं होतं.

हा उपाय काहींनी आपल्या मनाने करू नये. पाणी पितानाच ज्यांना वरचेवर ठसका लागतो, विशेषतः पक्षाघात होऊन गेला असेल, त्यांच्या श्वासनलिकेत पाणी जाण्याचा धोका असतो. त्यांनी आधी गिळण्याची तपासणी करून घ्यावी. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर घोटांचं पाणी त्याच मापातून काढायचं. आणि न्यूमोनिया झालेल्या, छातीत खरंच कफ भरलेल्या माणसाने खोकला दाबू नये. तिथे कफ बाहेर पडणं हाच उपचार असतो.

पुढच्या सर्दीत खाकरणं परत येईल, हे धरूनच चालावं. सर्दीचे पहिले आठ-दहा दिवस खोकला येऊ द्यावा. तो ओसरायला लागला आणि खवखव तेवढी मागे राहिली, की त्याच दिवशी बाटली पुन्हा टेबलावर ठेवावी.